अनुभव धागा: पाळीच्या मधेच क्यू रिकामा झाला तर तुम्ही काय करता?

राम राम मंडळी. मी जळगावात फोटोंना लेबल लावायचं काम करते, दुसरी पाळी, दुपारी २ ते रात्री १०. सध्या केळीच्या पानांचे फोटो आहेत, एकेक पान बघायचं आणि निरोगी, करपा, हरण्या, चरका यातलं एक निवडायचं, डाग असेल तिथे चौकट ओढायची. गेल्या आठवड्यात तीन दिवस असं झालं की सात-सव्वासातला स्क्रीनवर `No tasks available` आलं आणि पुढचे अडीच तास काहीच नाही. पहिल्या दिवशी मी नुसतं रिफ्रेश करत बसले, डोळे दुखले आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट केली ती खाली लिहिणारच आहे, पण आधी तुमचे अनुभव सांगा. क्यूवर काम करणाऱ्या सगळ्यांनी लिहा, फक्त लेबलवाल्यांनीच असं नाही.

धुळे, रात्रपाळी

ताई सगळ्यात आधी क्यू खरंच रिकामा आहे का ते बघा. मी चार वर्षं या कामात आहे आणि आमच्याकडे निम्म्या वेळा तो रिकामा नसतोच. एकतर तुमचा फिल्टर कालच्या बॅचवर अडकलेला असतो. नाहीतर नवीन बॅचला वेगळी पात्रता चाचणी लावलेली असते आणि ती तुम्ही दिलेलीच नसते, त्यामुळे शेजारच्याला काम दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही. तिसरं म्हणजे आधीच्या पाळीतला माणूस टास्क उघडे ठेवून घरी जातो, ते त्याच्या नावावर लॉक राहतात आणि मुदत संपेपर्यंत क्यूत परत येत नाहीत. आमच्याकडे एकदा ६० टास्क असे अडकले होते, लीडने सोडवले आणि पूर्ण पाळीचं काम निघालं. म्हणून मी पहिल्या पाच मिनिटांत फिल्टर बघतो, स्वतःचे अर्धवट टास्क बघतो, शेजारच्याला विचारतो तुला दिसतंय का, आणि लीडला वेळ टाकून एक मेसेज करतो, "७:१२ पासून क्यू रिकामा, फिल्टर तपासला, अर्धवट काही नाही." वेळ लिहाच. महिनाअखेरी रिकाम्या वेळेचा हिशोब निघतो तेव्हा तोच मेसेज कामाला येतो.

शिरपूर

आमच्या सेवा केंद्रात पण दुपारी दीड-दोनला रांग संपते, उन्हाळ्यात तर चारपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी त्या वेळात परत आलेले अर्ज काढतो. त्रुटी काय लिहिलीय ते वाचतो आणि एकाच कारणाचे अर्ज एकत्र लावतो. एका महिन्यात लक्षात आलं की माझे बरेचसे अर्ज फोटो पुसट आला म्हणून परत येतायत, स्कॅनरची काचच खराब होती. काच साफ केली, प्रश्न मिटला. माणसांची रांग असली की हे कधीच दिसलं नसतं.

जळगाव, दुसरी पाळी (धागा काढणारी)

दादा मी माणसांच्या रांगेबद्दल नाही, कॉम्प्युटरवर येणाऱ्या कामाच्या रांगेबद्दल विचारलं होतं, पण तुमचं कारणाप्रमाणे एकत्र लावणं मला फार पटलं, मी पण जवळपास तेच केलं.

चाळीसगाव, घरून काम

मी तर सरळ जुने सबमिट केलेले टास्क उघडते आणि चुका दिसल्या की दुरुस्त करते. तेवढंच क्वालिटी वाढते. रिकामं बसण्यापेक्षा बरं ना.

धुळे, रात्रपाळी

हे नका करू ताई, मनापासून सांगतो. जुनं काम परत बघणं बरोबर आहे, पण सबमिट झालेल्या टास्कला हात लावायचा नाही. ते तपासणीत गेलेलं असतं. तपासणाऱ्याने एक लेबल बघून शेरा लिहिला आणि मागून तुम्ही लेबल बदललं तर शेरा एकाचा आणि लेबल दुसरं असं होतं, मग कोणावर विश्वास ठेवायचा कोणालाच कळत नाही. आमच्याकडे अशी एक अख्खी बॅच परत करावी लागली. चूक दिसली तर टास्क नंबर लिहून लीडला द्या, उघडायचं का ते तो ठरवेल.

चाळीसगाव, घरून काम

बरं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आतापर्यंत सात-आठ तरी बदललेत. त्यांचे नंबर काढून आजच लीडला पाठवते.

जळगाव, दुसरी पाळी

आता माझं सांगते. दुसऱ्या दिवशी लीडची परवानगी घेऊन मी स्वतःलाच तपासलं. शेजारच्या मुलीला सांगितलं की माझ्या नऊ दिवसांपूर्वीच्या कामातले ४० फोटो काढ, क्रम बिघडव आणि जुनं लेबल मला दिसू देऊ नको. फक्त बघता येतील, बदलता येणार नाहीत अशा पानावर ते उघडले आणि कागदावर पुन्हा लेबल लिहीत गेले. एका फोटोला साधारण ४० सेकंद म्हणजे अर्ध्या तासाच्या आतच झालं. मग तिच्याकडची यादी घेतली आणि शेजारी शेजारी मांडली.

४० पैकी ३४ जुळले. म्हणजे ८५ टक्के, मी खूश झाले. पण त्या ३४ मध्ये २८ फोटो दोन्ही वेळा निरोगी होते, आणि निरोगी पान कोणीही ओळखेल. उरलेले १२ घेतले, म्हणजे एकदा तरी मी रोग लिहिलाय असे, तर त्यात फक्त ६ जुळले. अर्धे! माझंच माझ्याशी जमत नव्हतं. न जुळलेल्या ६ पैकी ५ मध्ये एकदा हरण्या आणि एकदा चरका लिहिलं होतं, आणि एका करप्याला मी दुसऱ्यांदा निरोगी म्हटलं होतं.

नंदुरबार

८५ टक्के म्हणजे चांगलंच आहे की. आमच्याकडे ८० च्या वर पास.

धुळे, रात्रपाळी

नाही दादा, इथेच फसायला होतं. समजा १०० फोटोत ८५ निरोगी आहेत आणि एक जण डोळे मिटून सगळ्यांना निरोगी लिहितो. त्याचे पण ८५ जुळणार, आणि रोगी पान एकही सापडलेलं नसणार. म्हणून ताईंनी २८ बाजूला काढून १२ बघितले ते बरोबर केलं. तरी १२ फोटो म्हणजे फार थोडे, त्यावरून टक्केवारी सांगत फिरू नका. गोंधळ कुठल्या दोन लेबलांमध्ये आहे एवढं मात्र त्यातून पक्कं दिसतं आणि कामाचं तेच आहे. पुढच्या वेळी निवडतानाच निम्मे रोगी फोटो घ्यायला सांगा.

जळगाव, दुसरी पाळी

हो हे करते. ते पाच फोटो मी पुन्हा एकेक करून बघितले. त्यातल्या एकात पानाच्या मधल्या शिरेपासून कडेपर्यंत पिवळट पट्टे होते, पण कड पण सुकलेली होती. आमच्या सूचनापत्रात हरण्यासाठी एवढंच लिहिलंय की पानावर पिवळे पट्टे असतील तर हरण्या. चरक्यासाठी लिहिलंय पान पिवळं पडून कडा सुकल्या असतील तर चरका. मग दोन्ही असेल तर? ज्या दिवशी माझं लक्ष आधी पट्ट्याकडे गेलं त्या दिवशी हरण्या, कडेकडे गेलं त्या दिवशी चरका, असं चाललं होतं.

रावेर, केळीवाला

माझं काम क्यूचं नाही, पण २२ वर्षं केळी लावतोय म्हणून लिहितो. हरण्याचे पट्टे तुटक असतात, शिरेला धरून, मधे हिरवं मधे पिवळं, आणि कोवळ्या पानावर आधी दिसतात. चरक्याचं पिवळेपण पसरलेलं असतं, थंडीने भाजल्यासारखं. पण खरं सांगू का ताई, एका पानावरून मी पण छाती ठोकून सांगणार नाही. बागेत आम्ही शेजारची झाडं बघतो. थंडीचा मार बांधापासून बांधापर्यंत सगळ्या झाडांना सारखा बसतो. हरण्या माव्यामुळे पसरतो, त्यामुळे तो एक झाड इथे एक तिथे असा दिसतो आणि तसं झाड आम्ही उपटून लांब नेऊन टाकतो. आणि महिना बघा. हरण्या पावसाच्या ढगाळ दिवसात, जुलै-ऑगस्टला जोर करतो, चरका डिसेंबर-जानेवारीत.

जळगाव, दुसरी पाळी

काका हे सोन्यासारखं सांगितलंत. त्या संध्याकाळी मी एवढंच केलं की पाच फोटोंचे नंबर, प्रत्येकाला दोन्ही वेळा काय लिहिलं, आणि एक प्रश्न असं अर्ध्या पानात लीडला पाठवलं. प्रश्न असा, "तुटक पट्टे आणि सुकलेली कड दोन्ही असेल तर कुठलं आधी?" आधी नुसतं "सूचना कळत नाही" लिहायचे तर उत्तरच यायचं नाही. या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, तुटक पट्टे दिसले तर हरण्या लिहा आणि "शंका" ची खूण करा. सूचनापत्रात ती ओळ टाकली पण. आमच्या पाळीतल्या चौघींनी सांगितलं की त्या पण तिथेच अडत होत्या.

पाचोरा

आमच्याकडे तर क्यू संपला की पैसेच थांबतात, नगावर काम आहे. मी फुकट कशाला स्वतःला तपासत बसू? आते काय करानं सांगा.

धुळे, रात्रपाळी

तुमचं बरोबर आहे भाऊ, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी एवढंच विचारीन की रिकाम्या वेळेला तुमच्याकडे वेगळा कोड आहे का. काही ठिकाणी प्रशिक्षण म्हणून ती वेळ टाकता येते, पण आधी लेखी विचारून, नंतर नाही. नसेल तर फार तर परत आलेले दहा शेरे वाचा, कारण नाकारलेल्या नगाचे पैसे तसेही जातातच. बाकी वेळ तुमचा.

चोपडा

मी अशा वेळी फोटो मोबाईलमध्ये काढून घेते आणि घरी बघते सरावाला.

जळगाव, दुसरी पाळी

अगं नको, करारात सही केलीस ना फोटो बाहेर न्यायचे नाहीत म्हणून. सराव जागेवरच कर, आणि कागदावर फक्त नंबर लिही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रावेरच्या काकांनी महिना बघा म्हटलं, आणि आमच्या टूलमध्ये फोटोची तारीख कोपऱ्यात दिसते. तारीख बघून ठरवायचं का?

धुळे, रात्रपाळी

मी बघत नाही. ज्याच्यासाठी हे लेबल आहे त्या प्रोग्रामला नुसतं पान दिसणार आहे, तारीख नाही. पानावर जे नाही ते लेबलात आलं तर तो चुकीचं शिकेल.

रावेर, केळीवाला

पण तारीख न बघता चुकीचं लेबल लावलं तर तो बरोबर कसं शिकेल? पान खोटं सांगत असेल तर?

जळगाव, दुसरी पाळी

आमच्यात दोघी बघतात, दोघी बघत नाहीत, हे मला काल कळलं. म्हणजे आमच्या चौघींची लेबलं जुळतच नसणार. आज क्यू रिकामा झाला की तेच २० फोटो चौघींनी वेगवेगळं करायचं ठरवलंय, निम्मे डिसेंबरचे आणि निम्मे ऑगस्टचे, आणि नंबर लावून प्रश्न लीडला पाठवणार आहे. उत्तर आलं की इथे टाकते.