मदत हवी आहे: गेम मेमरी कार्डावर हलवल्यापासून लोडिंग हळू

घाटंजीकर
मंडळी, फोन ३२ जीबीचा, अँड्रॉइड ९. जागा संपली म्हणून १२८ जीबीचं कार्ड इंटर्नल म्हणून फॉरमॅट केलं आणि शर्यतीचा दोनेक जीबीचा गेम त्यावर हलवला. पहिले वीसेक सेकंदांत ट्रॅक उघडे, आता मिनिटाच्या वर लागते. पाकिटावर तर सेकंदाला ९० एमबी लिहिलं आहे. गेम पुन्हा डाउनलोड करणं कठीण आहे, गावात रेंज टाकीपाशीच भेटते.

वऱ्हाडी_पोट्टा
क्लास १० चं कार्ड घे भाऊ, काम खतम.

यवतमाळ_रिपेअर
क्लास १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. व्हिडिओ रेकॉर्डिंगला ते कामाचं. गेम उघडताना शेकडो बारीक फायली इकडून-तिकडून वाचल्या जातात. त्यासाठी कार्डावर A1 आहे का ते पाहा. A1 ची हमी सेकंदाला १५०० वाचनांची. एक वाचन ४ केबीचं धरलं तर होतात जेमतेम ६ एमबी! तुमचे ९० एमबी सलग वाचनाचे. फोनची आतली मेमरी बारीक वाचनात कितीतरी पुढे असते.

फॉरमॅट करताना कार्ड स्लो असल्याची सूचना आली होती का? आणि नंतर Migrate data दाबलं होतं?

घाटंजीकर
सूचना आली होती. Migrate data पण दाबलं होतं.

यवतमाळ_रिपेअर
मग नुसता गेम परत आणून भागणार नाही. Migrate data ने फोटोंसोबत Android/obb फोल्डरही कार्डावर गेलं, अन् बऱ्याच गेमचा मोठा डेटा त्यातच असतो.

आधी फोटो-व्हिडिओ केबलनं कॉम्प्युटरवर कॉपी करून फोनमधून काढा, नाहीतर परत येताना जागा पुरणार नाही. मग गेमच्या Storage मध्ये Change दाबून तो फोनमध्ये आणा. शेवटी स्टोरेज सेटिंगमध्ये फोनची मेमरी उघडून तीन टिंबांतून Migrate data करा. यात गेम डाउनलोड करावा लागत नाही. सगळं परत आलं याची खात्री झाली की कार्ड पोर्टेबल फॉरमॅट करा अन् कॅमेऱ्याचे फोटो तिकडे वळवा.

दारव्ह्याची_ताई
माझंही असंच कार्ड आहे. फोनमधून काढून लॅपटॉपला लावलं तर फॉरमॅट करा म्हणते. लेकीच्या बारशाचे फोटो आहेत हो त्यात.

यवतमाळ_रिपेअर
ताई, फॉरमॅट अजिबात दाबू नका! इंटर्नल केलेलं कार्ड एन्क्रिप्ट होते, ते त्याच फोनमध्ये वाचता येते. परत फोनमध्ये घाला, फोटो दिसतील. फोन रीसेट मात्र करू नका, किल्ली फोनमध्येच असते.

वऱ्हाडी_पोट्टा
मग A2 घेतलं तर? त्यात ४००० वाचनं आहेत म्हणे.

यवतमाळ_रिपेअर
तो वेग फोनचा सपोर्ट असला तरच. जुन्या फोनमध्ये फरक पडेलच असं नाही.

घाटंजीकर
गेम आणि डेटा परत आणला. ट्रॅक पहिल्यासारखा उघडून राहिला, मनापासून आभार भाऊ. पण एका लांब ट्रॅकवर गाडी अजूनही मधात अटकते. कार्डावर आता काहीच नाही, मग हे काहून?

यवतमाळ_रिपेअर
रॅम किती आहे? अन् फोन तापल्यावरच होते की सुरुवातीलाही?