अनुभव धागा : मंद वळणातून बाहेर पडताना गाडी मागून सुटते तेव्हा प्रीलोड की विंग?

आपल्या नाशिकच्या सिम रेसिंग मंडळींच्या रविवारच्या शर्यतींत सध्या स्पा चालू आहे. पहिल्याच वळणाविषयी, म्हणजे ला सोर्सच्या हेअरपिनविषयी, बहुतेकांची तक्रार एकच आहे: ब्रेकिंग नीट होते, गाडी वळणाच्या आतल्या टोकाला व्यवस्थित लागते, पण थ्रॉटल उघडायला लागताच मागची बाजू सुटते. या एका तक्रारीवर कोणी प्रीलोड बदलला, कोणी मागची विंग वाढवली, आणि दोघेही आपापला उपाय लागू पडल्याचे सांगतात. म्हणून हा धागा. आपण सगळे असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेच्या जीटी३ गाड्या चालवतो आणि तिथे डिफरन्शियलचा फक्त प्रीलोड आपल्या हातात असतो, त्यामुळे चर्चा तेवढ्यापुरती ठेवू. लिहिताना गाडी कोणती, थ्रॉटल साधारण किती असताना ती सुटते आणि बदल केल्यावर ट्रॅकवर दुसरीकडे काय बिघडले, हे अवश्य सांगावे. शेवटचा मुद्दा सहसा कोणी लिहीत नाही आणि मला त्याचीच सर्वांत जास्त उत्सुकता आहे.

इंदिरानगर

माझी गाडी बीएमडब्ल्यू एम४ आहे. मी मागची विंग दोन पायऱ्यांनी वाढवली आणि ला सोर्समधून बाहेर पडताना गाडीचे डगमगणे थांबले. आधी तिसरा गिअर पडताना, भिंतीच्या बाजूच्या कर्बजवळ, मागची बाजू हलायची आणि मला स्टिअरिंग उलटे द्यावे लागायचे. आता पेडल पूर्ण दाबून ठेवता येते. केमेलच्या सरळ रस्त्यावर मात्र मागचे लोक मला सहज गाठतात, कारण वेग कमी पडतो. तरीही माझे मत असे आहे की मागच्या बाजूला पकड कमी असेल तर ती विंगनेच द्यावी. डिफरन्शियलला हात लावण्याची मला गरज वाटली नाही.

दिंडोरी

आमच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर आहे, त्यामुळे डिफरन्शियल लॉक म्हणजे काय हे मला गेमच्या आधीपासून ठाऊक आहे. ओल्या मातीत एक चाक नुसते फिरू लागले की लॉकचे पेडल दाबायचे, मग दोन्ही चाके बरोबर फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. त्याच हिशेबाने मी ऑडी आर८ चा प्रीलोड बराच वर नेला. सरळ रेषेत गाडी छान ओढते, पण ला सोर्समध्ये आधी ती वळायलाच तयार होत नाही आणि मग थ्रॉटल दिल्यावर एकदम, काहीही सूचना न देता, पूर्ण मागे फिरते. लॉक वाढवला म्हणजे पकड वाढायला हवी, मग असे का होते, हे कोणी समजावून सांगेल का?

सातपूर

मी सातपूर औद्योगिक वसाहतीत मशीन डिझाइनचे काम करतो आणि माझी गाडी फेरारी ४८८ जीटी३ इव्हो आहे. वरच्या दोन्ही अनुभवांत तथ्य आहे, पण ते एकाच घटनेविषयी नाहीत, असे मला वाटते.

दिंडोरीच्या दादांचे ट्रॅक्टरचे उदाहरण अगदी योग्य आहे. फक्त लॉक लावून आपण ट्रॅक्टर वळवत नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. वळणाची त्रिज्या १८ मीटर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर १.६५ मीटर धरले, तर ताशी ६५ किलोमीटर वेगाला बाहेरचे चाक सुमारे ६८ ने आणि आतले सुमारे ६२ ने फिरायला हवे. प्रीलोड ही थ्रॉटल असो वा नसो, डिफरन्शियलमध्ये कायम राहणारी पकड असते. ती फार जास्त असेल तर हा सहाचा फरक पडू दिला जात नाही. त्यामुळे गाडी आधी पुढून सरकते, आपण स्टिअरिंग आणखी वळवतो, आणि थ्रॉटल दिल्यावर दोन्ही मागचे टायर एकाच क्षणी पकड सोडतात. एखादा टायर तरी धरून राहिला असता तर गाडी सावरता आली असती. दोन्ही गेल्यावर तसे करायला वेळच मिळत नाही.

हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर `Telemetry Laps` मध्ये लॅपची संख्या द्यावी, म्हणजे मोटेकमध्ये उघडता येणारी फाइल तयार होते. तिच्यात `WHEEL_SPEED_LR` आणि `WHEEL_SPEED_RR` या दोन रेषा थ्रॉटलच्या रेषेसोबत एकाखाली एक लावाव्यात. ला सोर्स उजवे वळण आहे, म्हणून RR हे आतले चाक.

माझ्या गाडीत प्रीलोड १२० असताना थ्रॉटल उघडण्याआधी दोन रेषांमध्ये जेमतेम दोनचा फरक होता, आणि थ्रॉटल पाव भागापर्यंत येताच दोन्ही रेषा एकत्र ७५ च्या वर उडाल्या. प्रीलोड ७० केल्यावर फरक पाचच्या आसपास आला. आता आतले चाक आधी थोडे वर जाते, बाहेरचे जागेवर राहते आणि गाडी हळूहळू मागून सरकते, म्हणजे पाय किंचित उचलायला वेळ मिळतो. आणखी खाली, ३० वर नेऊन पाहिले तेव्हा आतले चाक मोकाट फिरू लागले, ट्रॅक्शन कंट्रोल सतत मध्ये पडू लागला आणि गाडी पुढेच जाईना. हे सर्व तपासताना ट्रॅक्शन कंट्रोल नेहमीपेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवावा, नाहीतर दोष त्याच्याआड लपून राहतो. टायरही गरम होऊन २६ ते २७ पीएसआयवर स्थिरावलेले असावेत.

आता विंगविषयी. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा विंग वाढवल्याने ताशी १९५ वेगाला मागच्या चाकांवर ९० किलोचा भार जास्त पडला, तर ६५ वेगाला तो फक्त १० किलो असेल. मागच्या चाकांवर मुळातच सातशे किलोच्या आसपास भार असताना त्या दहा किलोंनी हेअरपिनच्या तोंडाशी काहीही बदलत नाही. इंदिरानगरकरांची गाडी मात्र तिसऱ्या गिअरमध्ये, शंभरच्या पुढे हलत होती आणि तिथे विंगला काम करण्याइतका वेग मिळालेला असतो. म्हणून त्यांना फरक जाणवला, आणि तो खराच आहे.

माझा क्रम असा आहे: थ्रॉटलच्या पहिल्या एक तृतीयांश भागात गाडी सुटली तर प्रीलोड पाहावा. थ्रॉटल जवळजवळ पूर्ण असताना सुटली तर प्रीलोडचा वाटा उरत नाही, कारण तेव्हा इंजिनच्या जोराने डिफरन्शियल स्वतःच लॉक होत असते. तिथे मागचा अँटी-रोल बार किंवा स्प्रिंग मऊ करून पाहावे आणि वेग शंभरच्या वर असेल तर विंगचा विचार करावा.

दुसरीकडे काय बिघडले, तेही सांगतो. प्रीलोड कमी केल्यावर बस स्टॉपच्या ब्रेकिंगला गाडी मागून हलकी वाटू लागली, कारण थ्रॉटल सोडल्यावरही हीच पकड मागची बाजू सरळ ठेवत असते. तेव्हा मी विंग एक पायरी वाढवली आणि ब्रेक बायस थोडा पुढे नेला. ते ब्रेकिंग दोनशेच्या वर सुरू होते, त्यामुळे त्याच्या पहिल्या भागात विंगचा खरोखर उपयोग होतो. म्हणजे ला सोर्समधल्या दोषासाठी प्रीलोड आणि त्या उपायामुळे दुसरीकडे जे कमी झाले ते भरून काढण्यासाठी विंग, अशी माझ्या गाडीत दोघांची वाटणी झाली आहे.

नाशिक रोड

माझ्याही गाडीला हाच त्रास आहे, पण सातपूरकरांच्या सांगण्यानुसार प्रीलोड कमी केल्यावर तो वाढला. माझी पोर्शे ला सोर्सकडे येताना, ब्रेक सोडत वळायला लागले की फिरते. थ्रॉटलपर्यंत मी पोहोचतच नाही.

सातपूर

तुमचा त्रास बाहेर पडतानाचा नसून आत शिरतानाचा आहे, आणि त्यावर उपाय बरोबर उलटा लागतो. प्रीलोड पूर्वीच्या जागी न्यावा, हवा तर एक-दोन पायऱ्या वर न्यावा, आणि ब्रेक बायस पुढे घेऊन पाहावा. पोर्शेचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने एकदा फिरायला लागलेली गाडी थांबवणे तिथे अधिक कठीण जाते.

कॉलेज रोड

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझा अनुभव सातपूरच्या काकांच्या उलट आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मोंझाच्या पहिल्या शिकेनमध्ये माझी मर्सिडीज सुटत होती आणि मी प्रीलोड ४० वरून ८० वर नेल्यावर ती शांत झाली. रीप्ले मागच्या चाकाजवळच्या कॅमेऱ्यातून, अगदी हळू करून पाहिला तेव्हा कारण दिसले. दुसऱ्या, डाव्या वळणात मी आतल्या कर्बवर चढते, डावे मागचे चाक क्षणभर हवेत जाते, तिथे मोकळे फिरते आणि जमिनीला टेकताच गाडीला आडवा झटका देते. ज्या डिफरन्शियलचा लॉक इंजिनच्या जोरावर अवलंबून असतो, त्याला हवेतल्या चाकाकडून विरोधच मिळत नाही. त्यामुळे लॉक होण्यासाठी लागणारा जोरही तयार होत नाही आणि फक्त प्रीलोड तेवढा उरतो. तो ४० असताना पुरत नव्हता. त्यामुळे मंद वळण म्हटले की प्रीलोड कमीच करायचा, असा नियम या धाग्यातून कोणी नेऊ नये, अशी माझी विनंती आहे. चाकांच्या वेगाच्या रेषा एकत्र उडतात की आतली एकटीच उडते, यावर दिशा ठरते.

कर्ब थोडा कमी घेतला तर ४० वरही गाडी शांत राहते, हे मी करून पाहिले आहे. पण मग लॅप हळू होतो.

दिंडोरी

मी आता प्रीलोड टप्प्याटप्प्याने खाली आणतो आहे. मोटेकमधल्या रेषा माझ्या गाडीत अगदी एकमेकींवर चढलेल्या होत्या, हे पाहून सातपूरकरांचे म्हणणे पटले. ९० वर गाडी वळायला लागली आहे आणि सुटली तरी कळते. पावसात मात्र याच आकड्यावर ती पुन्हा दोन्ही चाकांनी एकदम सुटते, त्यामुळे ओल्या ट्रॅकसाठी वेगळा आकडा शोधावा लागेल असे दिसते. ओल्यात प्रीलोड आणखी खाली न्यायचा की ट्रॅक्शन कंट्रोलवर सोडायचे, याचा कोणाला अनुभव असेल तर लिहावे.

देवळाली कॅम्प

मी प्रीलोड बदलला नाही आणि विंगही नाही. मी मागची राइड हाइट ४ मिलिमीटरने कमी केली, म्हणजे एरो बॅलन्स मागे सरकला, आणि ला सोर्समध्ये माझी एम४ स्पष्टपणे शांत झाली. रेदियाँच्या चढावर मात्र आता तीच गाडी पुढून सरकते, तिथे पूर्वी मी न उचलता जात होतो. सातपूरकरांच्या हिशेबाने ६५ च्या वेगाला एरोचा परिणाम नगण्य असायला हवा, मग हा फरक कशाचा?

सातपूर

माझ्या मते तो एरोचा नाही. राइड हाइट बदलली की गाडीची बसण्याची पद्धत बदलते, आणि थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू बंप स्टॉपवर कधी टेकते तेही बदलते. ही सगळी यांत्रिक कारणे मंद वेगालाही लागू असतात. रेदियाँमधले पुढून सरकणे मात्र नक्कीच एरोचे आहे.

देवळाली कॅम्प

हे मला अर्धेच पटते. मागची बाजू खाली आणल्याने ती बंप स्टॉपवर लवकर टेकली असेल, तर पकड कमी व्हायला हवी होती, वाढायला नको होती. मी राइड हाइट खालीच ठेवून विंग एक पायरी कमी करणार आहे, म्हणजे बॅलन्स साधारण पूर्वीच्या जागी येईल. या गेममध्ये एरो बॅलन्सचा आकडा दाखवला जात नाही, त्यामुळे तो बरोबर जुळला की नाही हे रेदियाँमध्ये गाडी पूर्वीसारखी वळते का, यावरूनच ठरवावे लागेल. ती तिथे पूर्वीसारखी वळली आणि ला सोर्समध्येही शांत राहिली, तर सातपूरकरांचे म्हणणे मान्य. दोन्ही फाइली रविवारी इथे देतो.