कबड्डी अकादमी: आधी मॅट घ्यावी की मातीवरच सुरू करावं?

डावा_कोपरा: राज्य स्पर्धेपर्यंत खेळलो, आता तालुक्याच्या गावी कायमचा आलोय. भाड्याने बारा गुंठे उघडी जागा मिळाली आहे, हाताशी 2 लाख आहेत. मॅटचा भाव एक मीटर चौरस तुकड्याला 1,300 असा सांगितलाय. 13 गुणिले 10 म्हणजे 130 तुकडे, 1,69,000 रुपये. आठवी ते दहावीची 28 मुलं नाव नोंदवायला तयार आहेत. मॅट घेऊ का?

मातीतला_गडी: मुळीच नको. ट्रकभर चाळलेली लाल माती, चुना आणि पाणी मारायला पाइप, एवढ्यात मैदान उभं राहतं. मातीवर पडायची भीती जाते, पाय जमिनीला ओळखतो. मॅटवर शिकलेली पोरं गावच्या मंडळाच्या स्पर्धेत मातीवर आली की घसरतात.

रेषेपलीकडे: गावच्या स्पर्धेपुरतं पटलं. पण राज्य निवडीचे सामने मॅटवर होतात, आणि अडचण तिथे येते. मातीवर वळताना अनवाणी पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट रुततो, अंग फिरतं पण पाऊल फिरत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. मातीवर वाढलेला चढाईपटू मॅटवर पहिल्या आठवड्यात पाय मुरगाळून बसतो तो यामुळेच. म्हणून मॅट आधी.

निदान_रेषा: दोघांचं अर्धं अर्धं बरोबर. आधी हिशेब. 13 बाय 10 हे फक्त रेषांच्या आतलं माप झालं, राखीव क्षेत्र त्यातच येतं. पकड झाली की दोघंतिघं रेषेबाहेर कोसळतात. चारी बाजूंनी निदान एक मीटर मॅट बाहेर हवी, म्हणजे 15 बाय 12, 180 तुकडे, 2,34,000. पैसे इथेच संपले, उलट 34 हजार कमी पडले.

पण तुमची मुलं सोळाच्या आतली. किशोर गटाचं मैदान 11 बाय 8 असतं. त्याला मीटरभर कडा धरली की 13 बाय 10, बरोबर तुमचे 130 तुकडे! तेव्हा घ्यायचीच असेल तर किशोर मैदानापुरती घ्या.

मात्र उघड्यावर अंथरून ठेवू नका. उन्हाने तुकड्यांच्या कडा वर वळतात, सांध्यात फट पडते आणि पायाचं बोट त्यात अडकतं. रोज काढून रचायची तर चार पोरांचा अर्धा तास जातो. वर धूळ बसली की मॅट बर्फासारखी निसरडी होते, ओला पोछा मारल्याशिवाय सराव नको. शेडचा खर्च धरला नसेल तर मॅटचा हिशेब अपुराच म्हणायचा.

मी असतो तर पहिलं वर्ष मातीवर काढलं असतं आणि शेजारच्या तालुक्यातली मॅट आठवड्यातून दोन दिवस भाड्याने घेतली असती. बूट घालून नुसतं वळणं आणि थांबणं, पहिला महिनाभर पकड नाही. मातीची परीक्षा सोपी आहे: टाच रोवून फिरवली की अर्धा इंच खळगा पडावा. नाही पडला तर कुदळून पुन्हा पाणी मारा. पाऊल रुतत असेल तर रोलर फिरवा.

पालक_एक: माझा मुलगा नववीत आहे. अकादमीचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला वाढीव गुण आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के आरक्षण मिळेल ना? फी त्यावर ठरवायला हवी.

निदान_रेषा: नाही. अकादमीच्या कागदाला तिथे किंमत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धा, त्यातही ठरलेल्या पातळीपर्यंतची कामगिरी, हेच धरतात. पत्रकावर गुणांचं आमिष छापू नका, पहिल्याच निकालाला पालक दारात येतील.

रेषेपलीकडे: मॅटपेक्षा मोठी चूक कुणी बोललंच नाही. एका मैदानावर 28 मुलं. चढाई 30 सेकंदांची, म्हणजे 40 मिनिटांच्या खेळात साधारण 80 चढाया. एकेकाच्या वाट्याला तीनही येत नाहीत, बाकी वेळ पोरं बाजूला बसून चिखल उडवतात. मैदान मध्यरेषेवर तोडा, प्रत्येक अर्ध्याचे उभे दोन भाग करा. चार जागा, प्रत्येकी सात मुलं: एक चढाईपटू, कोपरा आणि त्याच्या शेजारचा अशी दोघांची साखळी, उरलेले चौघं पाळीला. दहा चढायांनी बदली.

मातीतला_गडी: हे मान्य. पण अर्ध्याचा अर्धा तुकडा चार-पाच मीटर रुंद. एवढ्यात चढाईपटू कोपऱ्याला झुलवणार कसा? पळायची सवयच मोडेल.

रेषेपलीकडे: पकड शिकवताना रुंदी कमीच बरी. चढाईसाठी आठवड्यात दोन दिवस पूर्ण मैदान ठेवा.

डावा_कोपरा: 180 चा हिशेब खरंच नजरेतून सुटला होता. शेजारच्या गावात मॅट आहे, पण ती शाळेची, संध्याकाळी सहानंतर कुलूप लावतात. सकाळी साडेपाचला देतील का ते विचारतो. आणि किशोर गटाच्या 55 किलोच्या मर्यादेचं काय? दोन दणकट पोरं 58 वर आहेत, त्यांचं वजन उतरवू का?

निदान_रेषा: वाढत्या अंगाच्या पोरांचं वजन उतरवू नका. वजनकाट्याआधी पाणी तोडणाऱ्या पोराचे पाय दुसऱ्या डावात उचलत नाहीत, शिवाय जिवाला धोका. त्या दोघांना वरच्या गटाच्या तयारीला लावा.

मातीतला_गडी: तीन किलो तर पळून जातील, त्यात काय!