‘क्सिमॅब’ टाळून ‘झुमॅब’ मागावं का?

गंगापूररोडकर: आईला बी-सेल लिम्फोमा आहे. सोमवारी नाशिकमध्येच डे-केअरला रिटुक्सिमॅबचा पहिला डोस आहे. नावात ‘क्सि’ म्हणजे त्यात उंदराचा अंश, म्हणून रिअ‍ॅक्शन येते, असं वाचलं. डॉक्टरांकडे ‘झुमॅब’ मागावं का?

फार्मसी_पंचवटी: मागून बघाच. ‘ओमॅब’ पूर्ण उंदराचं, ‘क्सिमॅब’ मिश्र, ‘झुमॅब’ बरंचसं माणसाचं आणि नुसतं ‘उमॅब’ पूर्ण माणसाचं. परकं प्रथिन जेवढं कमी, तेवढी रिअ‍ॅक्शन कमी.

केमो_सिस्टर: उतरंड बरोबर सांगितलीत, पण पहिल्या डोसच्या बाबतीत तुमचा निष्कर्ष टिकत नाही. ओबिनुटुझुमॅब ‘झुमॅब’च आहे आणि तेही रिटुक्सिमॅबसारखं बी-पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटतं. तरी सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्याचा पहिला 1000 मिग्रॅचा डोस फोडून देतात: पहिल्या दिवशी फक्त 100, तोही चार तासांत, उरलेला 900 नंतर. रिअ‍ॅक्शनच्या धास्तीनेच. उलट किडनी ट्रान्सप्लांटमधलं बॅसिलिक्सिमॅब ‘क्सि’ असून 20 ते 30 मिनिटांत जातं आणि सहसा काही होत नाही.

औषध कुठे चिकटतं आणि तिथे पेशी किती आहेत, हे आधी बघा. रिटुक्सिमॅब शिरलं की बी-पेशी एकदम फुटतात, त्यातून सायटोकाइन ही दाह करणारी रसायनं बाहेर पडतात आणि थंडी, ताप, बीपी उतरणं सुरू होतं. म्हणून पहिला डोस सगळ्यात त्रासाचा आणि पेशी घटल्यावर पुढचे सोपे. रक्तातल्या लिम्फोमाच्या पेशी दर घन मिलिमीटरला 25,000 च्या वर असतील तर वेग आणखी कमी ठेवतात किंवा डोस दोन दिवसांत विभागतात. आईचा सीबीसी बघा, ‘क्सि’ नको.

सिडको_अमोल: मग माझ्या मावशीचं काय? संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं. पहिले डोस विनातक्रार गेले. मध्ये वर्षभर बंद होतं, परत सुरू केलं तर दहा मिनिटांत अंगभर पित्त आणि धाप.

केमो_सिस्टर: अमोलदादा, इथे मात्र पंचवटीकरांचा मुद्दा लागू पडतो. इन्फ्लिक्सिमॅबमधल्या उंदराच्या भागाविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं. खंड पडून पुन्हा सुरू केलं की ती अंगावर येते. पहिल्याच डोसला आलेली आणि खंडानंतर आलेली, या दोन वेगळ्या रिअ‍ॅक्शन आहेत.

गंगापूररोडकर: मग सोमवारी मी काय बघू? बीएसए 1.6 लिहिलाय.

केमो_सिस्टर: बीएसए म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. डोस दर चौरस मीटरला 375 मिग्रॅ, म्हणून 375 गुणिले 1.6 म्हणजे 600 मिग्रॅ. 500 ची एक आणि 100 ची एक व्हायल, मिळून 60 मिली औषध. सलाइन धरून एकूण 600 मिली केलं तर एका मिलीत 1 मिग्रॅ. साधारण अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन झालेलं हवं. सुरुवात ताशी 50 मिग्रॅने, त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाला 50 ने वाढ, कमाल 400. या हिशोबाने आईचा डोस सव्वातीन तासांत संपतो, 400 पर्यंत जायची वेळच येत नाही. अर्थात मध्ये थांबावं लागलं नाही तर.

चूक होते ती पंपावर. तेच 600 मिग्रॅ 300 मिलीत बनवलं तर एका मिलीत 2 मिग्रॅ होतात. तेव्हा सवयीने पंपावर 50 मिली टाकले की ताशी 100 मिग्रॅ जातं, म्हणजे सुरुवातच दुप्पट वेगाने. लेबलवर एकूण मिली किती ते वाचा आणि सिस्टरना विचारा, “मिग्रॅ किती चाललंय?” यात कुणी रागावत नाही.

थंडी वाजली, घसा खवखवला, अंगाला खाज आली तर लगेच सांगा, “होईल कमी” म्हणून थांबू नका. औषध बंद करतात, त्रास पूर्ण गेला की आधीच्या निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. आईला बीपीची गोळी असेल तर सकाळची घ्यायची का, हे आजच डॉक्टरांना विचारा. औषध चालू असताना बीपी उतरू शकतं, म्हणून बऱ्याचदा 12 तास आधीपासून ती थांबवतात.

फार्मसी_पंचवटी: सीडी20 चं पटलं. पण सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब दोन्ही कॅन्सरच्या पेशींवरच्या ईजीएफआर या एकाच रिसेप्टरवर जातात, तरी ‘क्सि’वाल्याला रिअ‍ॅक्शन जास्त. तिथे शेपूटच खरं ठरतं ना?

केमो_सिस्टर: फरक खरा आहे, कारण अर्धंच. सेटुक्सिमॅबच्या गंभीर रिअ‍ॅक्शनमध्ये बऱ्याचदा दोष अल्फा-गॅल या साखरेचा निघाला. उंदराच्या पेशींत औषध बनवताना ती त्यावर चढते. अमेरिकेच्या आग्नेय भागात गोचीड चावल्याने लोकांच्या अंगात तिच्याविरुद्ध आयजीई ही अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी आधीच तयार असते, म्हणून पहिल्याच डोसला अ‍ॅनाफिलॅक्सिस. ही साखर ‘क्सि’ अक्षरात कुठेच दिसत नाही. शिवाय 2017 पासून नव्या नावांत ‘क्सि’, ‘झु’ घालणं बंद झालं आणि 2021 पासून नव्यांना ‘मॅब’ही नाही.

फार्मसी_पंचवटी: जुनी नावं तर तशीच आहेत ना. एकाच टार्गेटची दोन औषधं समोर आली तर मी अजूनही शेपूट बघेन.