‘ऑफिसात उघडावे’ की ‘न विचारता उघडावे’? पार्सलावरच्या हिरव्या चिठ्ठीचा पेच

तळटीप
एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करतो आहे. काळ १९५५, गाव गुहागरजवळचं. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने मार्सेयहून वडिलांना पार्सल पाठवलंय. त्यावर फ्रेंच मजकुराची हिरवी चिठ्ठी आहे. नुकतं इंग्रजी शिकू लागलेला नातू ती आजोबांना मोठ्याने वाचून दाखवतो. अक्षराला अक्षर लावून तो वाचतो: ‘डोआने. पेउट एट्रे ओउवर्ट डी ऑफिस.’ कळतो फक्त शेवटचा शब्द. म्हणून तो सांगतो, “आजोबा, हे ऑफिसात उघडायचं.” आजोबा सुतळीला हातही न लावता पुडकं तसंच पोस्टात घेऊन जातात आणि तिथे पोस्टमास्तर खरा अर्थ सांगतात.

संपादकांना ‘ऑफिस’ नको, ‘कार्यालय’ हवं आहे. आणि पोस्टमास्तरांच्या तोंडी मी घातलेलं ‘अधिकृतपणे उघडता येईल’ मलाच खटकतंय. काय घालावं?

शुद्धमती
संपादकांचं बरोबर आहे. निवेदनात ‘कार्यालय’च हवं. मराठी शब्द असताना परका कशाला?

पानसुपारी
मूळ वाक्यात ‘पेउट एट्रे’ आहे ना? फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कदाचित’. म्हणजे ‘कदाचित कचेरीत उघडलेलं असेल’. मुलगा तसा फार चुकलेला नाही.

टपालवेडा
पानसुपारी, तो ‘कदाचित’ वेगळा. त्यात दोन शब्दांच्या मध्ये छोटी आडवी रेघ असते. चिठ्ठीवर रेघ नाही, त्यामुळे ती दोन सुटी क्रियापदं होतात: ‘शकतं’ आणि ‘असणं’. पुढे ‘उघडलेलं’ आलं की अर्थ होतो ‘उघडलं जाऊ शकतं’, म्हणजे उघडायला मोकळीक आहे. हे शक्यतेचं वाक्य नाही, परवानगीचं आहे.

शेवटच्या शब्दाचा उच्चार ‘दोफिस’. त्यातला ‘ऑफिस’ म्हणजे खोली किंवा कचेरी नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कर्तव्य, पदाचं काम. आरोपीला वकील परवडत नसेल आणि त्याच्यासाठी सरकारी व्यवस्थेतून वकील नेमला, तर फ्रेंच लोक त्याला ‘दोफिस’ नेमलेला वकील म्हणतात. कुणी मागणी करायची, कुणाला विचारायचं हा प्रश्नच नसतो, अधिकार पदातच असतो. इंग्रजी तर्जुम्यात ‘ऑफिशियली’ आलं आणि तुमचं ‘अधिकृतपणे’ तिथून आलं. त्यात ‘न विचारता’ हा गाभाच गळून पडला.

शुद्धमती
मग ‘पदसिद्ध अधिकाराने’ म्हणा.

टपालवेडा
पदसिद्ध माणूस असतो: पदसिद्ध अध्यक्ष, पदसिद्ध सदस्य. कृतीला तो शब्द चिकटत नाही. ‘न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली’ असं आपण वाचतो, त्यातला ‘स्वतःहून’ जास्त जवळचा. पण ‘पार्सल स्वतःहून उघडता येईल’ लिहिलंत तर पार्सलच आपोआप उघडेल. मूळ वाक्यात कर्ता दडवलेला आहे. मराठीत तो बाहेर काढावा लागेल: ‘जकातवाले तुम्हाला न विचारता हे उघडून पाहू शकतात.’ १९५५चा पोस्टमास्तर असंच बोलेल.

आणि ‘ऑफिस’ काढू नका. फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची अक्षरं एकच आहेत, म्हणून मुलगा फसतो. ‘कार्यालय’ घातलंत तर तो का फसला हे वाचकाला कळणारच नाही.

शुद्धमती
मुलाच्या बोलण्यात ठेवा, मान्य. पण निवेदकाने ‘कार्यालय’च म्हणावं.

मोडीवाचक
‘डोआने’वर कुणी थांबलंच नाही. त्याचा खरा उच्चार ‘दुआन’, म्हणजे सीमेवरची जकात. हा शब्द अरबी ‘दीवान’वरून इटालियनमार्गे फ्रेंचमध्ये गेला, अरबीत तो फारसीतून आला. आपला दिवाण, दिवाणखाना, दिवाणी दावा त्याच घरातले. आणि ‘जकात’ हाही अरबीच. तेव्हा शुद्धमती, इथे अस्सल देशी शब्द शोधून फारसं काही हाती लागणार नाही.

अनुवादकासाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुलगा ‘डोआने’ वाचतो तेव्हा आजोबांच्या कानावर ‘दोन आणे’ पडू शकतं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, त्यामुळे १९५५ला आणे चलनात आहेत. आजोबा कनवटीला हात घालतील.

तळटीप
हे मूळ इंग्रजी कथेत नाही. घालायचा हक्क मला आहे का?

मोडीवाचक
इंग्रजीत जे निसटतं ते मराठीत सापडलं तर घ्यावं. प्रसंग तोच, पात्रं तीच.

टपालवेडा
हक्काचं तुम्ही बघा, व्यवहारात ते बसतं. परदेशी टपाल मुंबईत आलं की त्यातलं जे तपासायचं ते जकात अधिकाऱ्यासमोर टपालखात्याची माणसं उघडतात, कर ठरतो, पुन्हा बांधलं जातं आणि कराची रक्कम गावचा पोस्टमन वस्तू देताना वसूल करतो. कमी तिकिटाचं ‘नॉटपेड’ पत्र आलं की तुटीच्या दुप्पट भरावे लागत, हे आजोबांना ठाऊक असणार. म्हणून दारात पैसे मागितले तर त्यांना नवल वाटायचं नाही.

पण इथे कथेत एक गोची आहे. गुहागरला पोहोचलेलं पुडकं मुंबईत आधीच उघडून झालेलं असू शकतं. तसं असेल तर सुतळीची गाठ पाठवणाऱ्याची नसेल, कागदाची जुनी घडी एकीकडे आणि नवी दुसरीकडे दिसेल. आजोबांचा बोटीवरचा मुलगा खलाशी गाठ मारणार, मुंबईच्या टेबलावर साधी गाठ बसणार. पोस्टमास्तरांनी नुसती गाठ दाखवली तरी ‘न विचारता’चा अर्थ आजोबांना कळेल.

आणखी एक. हिरवी चिठ्ठी, आजची सीएन २२, ही पत्रटपालातल्या छोट्या पाकिटावर लागते. टपालाच्या भाषेत ‘पार्सल’ वेगळं, त्याच्यासोबत जकातीचा स्वतंत्र फॉर्म येतो. तेव्हा ‘पुडकं’च बरोबर.

लग्नघर
लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ‘बुकपोस्ट’ लिहून तोंड नुसतं आत खोचतात, चिकटवत नाहीत. तेही तपासायला उघडता यावं म्हणूनच ना? मग त्याला मराठीत काय म्हणावं? मला एक पत्रिका छापायची आहे.

टपालवेडा
कारण तेच, पण तिथे पाठवणारा स्वतः तोंड उघडं ठेवायचा आणि त्या बदल्यात कमी दर मिळवायचा. इथे पाकीट बंद असतं आणि तरी उघडायची मुभा असते. मराठीतही त्याला ‘बुकपोस्ट’च म्हणतात.

पानसुपारी
पुडक्यात होतं काय? चिठ्ठीवर आतल्या वस्तूचं नाव, किंमत आणि वजन असतं ना?

तळटीप
हो, ‘एक शाल’ असं फ्रेंचमध्ये. मुलगा ती ओळ वाचत नाही, अक्षर घसरडं आहे म्हणून सोडून देतो.

मोडीवाचक
सोडू नका! फ्रेंचमध्येही तो शब्द ‘शाल’च उच्चारतात, फारसीतूनच गेलाय. पण लिहिताना सुरुवातीला सी-एच आणि शेवटी ई. इंग्रजी वळणाने मुलगा ‘चाले’ वाचेल. खरा उच्चार कुणी केला असता तर आजोबांना दुभाष्या लागलाच नसता.

शुद्धमती
‘दोन आणे’ आणि आता ‘चाले’. अनुवादकाने आणखी किती घालायचं? एक निवडा. माझं मत ‘चाले’ला, कारण शाल मूळ कथेत आहे, आणे नाहीत.

मोडीवाचक
आणे १९५५मध्ये आहेत.

तळटीप
पोस्टमास्तरांचं वाक्य ‘न विचारता’ असंच ठेवतो, गाठही घेतो. आण्यांचं अजून ठरत नाही.

शुद्धमती
आणि शीर्षकात ‘पार्सलावरच्या’ का? ‘पार्सलवरच्या’ हवं.

पानसुपारी
‘टेबलावर’ चालतं की.

शुद्धमती
‘टेबल’ रुळलंय. ‘हॉटेलावर’ म्हणाल का?