मदत हवी आहे: ईएसपी३२ + बीएमई२८० + ५ व्होल्टचा एलसीडी, लेव्हल शिफ्टर लावूनही एलसीडी सापडत नाही

कूलर_कंट्रोल
नमस्कार. घरच्या डेझर्ट कूलरसाठी कंट्रोलर बनवतोय. दमटपणा ठरावीक मर्यादेपुढे गेला की पंप बंद, फॅन चालू, एवढंच काम. नागपूरच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर नुसता घाम आणतो, म्हणून.

जोडणी अशी: ईएसपी३२ बोर्ड आणि त्याच्याच डब्यात सहा पिनांचा बीएमई२८०, दोन्ही ३.३ व्होल्टवर. १६x२ एलसीडी मागच्या आयटूसी बोर्डासकट ५ व्होल्टवर, आणि तो दारापाशी, म्हणजे केबल साधारण ३ मीटर. मध्ये सीताबर्डीतून आणलेला ८ चॅनलचा लेव्हल शिफ्टर.

एलसीडी काढला की स्कॅनरमध्ये 0x76 बरोबर दिसतो. टेबलवर २० सेंटीमीटरच्या जंपर वायरने एलसीडी जोडला तर 0x76 आणि 0x27 दोन्ही दिसतात, पण कधीकधी. ३ मीटरची केबल लावली की कधी काहीच नाही, कधी नसलेलेच पत्ते दिसतात. शिफ्टर खराब आहे का? दुसरा आणू?

वर्धा_रोड
शिफ्टरची भानगडच कशाला भाऊ? दोन रेझिस्टर लावा, १ किलोओम आणि २ किलोओम. ५ चे ३.३ होतात. माझ्या टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको पिन असाच ईएसपीला जोडलाय, मस्त चालतो. फक्त उन्हाळ्यात पाण्याची पातळी थोडी चुकीची येते, ते काऊन होतं ते कोणी सांगा.

सोल्डर_काकू
@वर्धा_रोड, इकोसाठी तुमचं बरोबर आहे, कारण तिथे सिग्नल एकाच दिशेने येतो आणि सेन्सर ती लाइन स्वतः जोर लावून वर नेतो. आयटूसीमध्ये कोणीच लाइन वर नेत नाही. सगळे फक्त खाली ओढतात, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं.

आता तुमचा डिव्हायडर तिथे लावून बघा. एलसीडीच्या मागच्या बोर्डावर बहुधा ४.७ किलोओमचे पुल-अप असतात. म्हणजे ५ व्होल्टपासून ४.७, मग १, मग २ किलोओम जमिनीला. ईएसपीच्या पिनवर निवांत असताना येणार ५ × २ ÷ ७.७, म्हणजे १.३ व्होल्ट. बीएमईच्या बाजूचे पुल-अप धरले तरी दीडच्या आसपास. ईएसपी३२ ला हाय वाटायला साधारण २.५ व्होल्ट लागतात. लाइन कायम लो, बस ठप्प.

उन्हाळ्याचं कारण वेगळं आहे. आवाजाचा वेग २० अंशाला सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद, ४५ अंशाला सुमारे ३५९. प्रोग्रॅममध्ये ३४३ ठोकून दिलं असेल तर साडेचार टक्क्यांचा फरक येणारच. त्यासाठी वेगळा धागा काढा.

@कूलर_कंट्रोल, शिफ्टरवरच्या मोठ्या चिपवर काय लिहिलंय ते भिंगाखाली बघून सांगा. आणि ओई पिन कुठे जोडलाय?

कूलर_कंट्रोल
चिपवर YF08E आहे. ओई पिन कुठेच जोडलेला नाही, मोकळा आहे.

सोल्डर_काकू
मग ती TXS0108E आहे. (YE08 असतं तर TXB0108, ती तर आयटूसीला चालतच नाही.) तुमचा शिफ्टर खराब नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली, ओई. हा पिन हाय असेल तरच चिप दोन्ही बाजू जोडते. मोकळा सोडला तर तो हवेतलं काहीही पकडतो, हात जवळ नेला तरी फरक पडतो. तुमचं "कधीकधी" बहुधा इथलंच. काही बोर्डांवर त्याला रेझिस्टर असतो, काहींवर नसतो. त्याला ए बाजूच्या ३.३ व्होल्टला जोडा. ए बाजू कमी व्होल्टेजची, म्हणजे ईएसपीची, हेही तपासून घ्या. उलटं जोडून चालत नाही, ए चं व्होल्टेज बी पेक्षा जास्त असता कामा नये.

दुसरी गोष्ट ३ मीटरची, आणि ती ओई जोडून सुटणार नाही. ही चिप नुसती लाइन जोडत नाही. लाइन वर चढायला लागली की ती क्षणभर स्वतः जोरात वर ढकलते, म्हणजे सिग्नलची कडा तीक्ष्ण होते. बोर्डावरच्या चार इंच रुळांवर हे उत्तम. लांब केबलवर मात्र ती तीक्ष्ण कडा टोकाला आपटून परत येते, चिपला वाटतं लाइन पुन्हा बदलली, आणि ती पुन्हा ढकलते. त्यात एससीएलवर एखादा फालतू ठोका जास्तीचा पडला की पुढचे सगळे बिट सरकतात. नसलेले पत्ते दिसतात ते यामुळे.

ट्रान्झिस्टर_दादा
काकूंचं पटलं. पण सोपा उपाय: मॉड्यूलच नको. 2N7000 दोन आणि १० किलोओमचे चार रेझिस्टर. गेट ३.३ ला, सोर्स ईएसपीकडे, ड्रेन एलसीडीकडे, दोन्हीकडे पुल-अप. दुकानात कुठेही मिळतो.

सोल्डर_काकू
सर्किट अगदी बरोबर, ट्रान्झिस्टर चुकीचा. 2N7000 चा थ्रेशोल्ड डेटाशीटमध्ये ०.८ ते ३ व्होल्ट दिलाय. गेटवर आपल्याकडे आहेत फक्त ३.३. एखादा नग नीट चालेल, त्याच पाकिटातला दुसरा अर्धवट उघडेल आणि एलसीडीच्या बाजूचा लो पूर्ण खाली येणारच नाही. BSS138 चा थ्रेशोल्ड जास्तीत जास्त १.५ व्होल्ट, म्हणून तो घ्या. ४ चॅनलच्या लहान शिफ्टर बोर्डावर हाच असतो. त्यावर मोठी चिप नसते, तीन पायांचे चार बारके ट्रान्झिस्टर दिसतात. दुकानदाराला फक्त "लेव्हल शिफ्टर" सांगितलं की तो हातात येईल ते देतो, तेव्हा बघून घ्या.

वर्धा_रोड
मग एलसीडीच्या मागचे ते दोन ४७२ लिहिलेले रेझिस्टरच काढून टाकले, आणि पुल-अप फक्त ३.३ ला ठेवले तर? शिफ्टर लागणारच नाही. हे तरी बरोबर ना?

ट्रान्झिस्टर_दादा
चालतं. बरेच जण असंच करतात, मीही केलंय.

सोल्डर_काकू
ईएसपी आणि बीएमई दोघेही सुरक्षित राहतात, हे खरं. पण एलसीडीमागची PCF8574 स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पट मागते, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. आपण देतोय ३.३. चिप प्रत्यक्षात आधीच हाय मानते म्हणून चालून जातं. स्वस्त अ‍ॅडॉप्टर ५.२ देत असेल तर मागणी ३.६४ वर जाते. टेबलवरच्या खेळाला ठीक, कूलरशेजारी ३ मीटर केबलवर मी ठेवणार नाही.

आणि रेझिस्टर न काढता सरळ जोडायचं तर मुळीच नको. ५ व्होल्टचे पुल-अप बीएमईच्या पिनवरही येतात, आणि त्याला पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टच जास्त सोसतात.

ट्रान्झिस्टर_दादा
माझा दोन उन्हाळे चालतोय, एवढंच सांगतो.

सोल्डर_काकू
चालू दे, दादा. @कूलर_कंट्रोल, तुमच्यासाठी असं करा.

BSS138 चा बोर्ड ईएसपीच्या डब्यातच ठेवा, म्हणजे लांब केबल ५ व्होल्टच्या बाजूला येईल. तिथे गोंगाट सोसायला जागा जास्त असते. एलव्ही ३.३ ला, एचव्ही ५ ला, जमीन सगळ्यांची एक. एलव्ही जोडायला विसरलात तर गेट लोंबकळतो आणि पुन्हा तीच "कधीकधी"ची कथा. केबल नेटवर्कची घ्या. एका जोडीत एसडीए आणि जमीन, दुसऱ्या जोडीत एससीएल आणि ५ व्होल्ट. एसडीए आणि एससीएल एकमेकांना पिळू नका.

आता पुल-अप. शिफ्टरवर एचव्ही बाजूला १० किलोओम, एलसीडीवर ४.७, दोन्ही मिळून ३.२ किलोओम. ३ मीटर केबल आणि बाकी सगळं धरून कपॅसिटन्स २५० पिकोफॅरड मानू. लाइन वर चढायला लागणार ०.८५ × ३२०० × २५० पिको, म्हणजे सुमारे ०.७ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंदाची मुभा आहे, ४०० ला फक्त ०.३. म्हणून वेग १०० वरच बांधून ठेवा. एखादी लायब्ररी गुपचूप ४०० करत असेल म्हणून तिच्या सुरुवातीनंतर लिहा:

```
Wire.begin(21, 22);
// lcd व bme सुरू केल्यानंतर
Wire.setClock(100000);
```

आणखी पुल-अप जोडून वेग वाढवायचा मोह होईल, तो टाळा. अजून एक ४.७ लावला तर एचव्ही बाजू १.९ किलोओमवर येते. लो असताना ट्रान्झिस्टर उघडा असतो, त्यामुळे जो खाली ओढतो त्याला दोन्ही बाजूंचा करंट एकट्याने गिळावा लागतो. ५ व्होल्टकडून २.६ मिलिअँप, बीएमईकडून आणखी थोडा. ३ च्या वर गेलं की लो उचलला जातो.

जोडून झाल्यावर प्रोग्रॅम न चालवता मल्टिमीटर लावा. निवांत लाइन ईएसपीच्या बाजूला ३.३ आणि एलसीडीच्या बाजूला ५ दिसली पाहिजे. ईएसपीच्या बाजूला ४ च्या आसपास काही दिसलं तर लगेच पुरवठा काढा, ५ व्होल्ट कुठूनतरी आत शिरतोय.

कूलर_कंट्रोल
काकू, लय आभार. BSS138 चा बोर्ड आणला. ३.२९ आणि ५.०४ आलं. ३ मीटर केबलवर 0x27 आणि 0x76 दोन्ही प्रत्येक वेळी येतात.

आता वेगळंच: कूलरचा पंप सुरू-बंद होताना एलसीडीवर चिनीसारखी अक्षरं येतात आणि तशीच राहतात. तापमान, दमटपणा मात्र सिरियल मॉनिटरवर बरोबर येत राहतो.

ट्रान्झिस्टर_दादा
सप्लायचा झटका. एलसीडीच्या पिनांवर १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा, आणि पंपाच्या टोकांना स्नबर. संपलं.

सोल्डर_काकू
स्नबरशी सहमत, पण तो मेन्सला लावायचा असलेला एक्स२ कपॅसिटरवालाच घ्या. "संपलं" मात्र म्हणवत नाही. तो एलसीडी चार तारांवर चालतो, प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं. एक तुकडा हरवला की पुढचं सगळं अर्ध्याने सरकतं, आणि पुन्हा सुरू करेपर्यंत सुधारत नाही. तो तुकडा सप्लायच्या झटक्याने हरवतोय की केबलवर, हे मला इथून कळत नाही. पंप चालू-बंद करताना एलसीडीच्या पत्त्यावरचा निकाल छापून बघा:

```
Wire.beginTransmission(0x27);
Serial.println(Wire.endTransmission());
```

नेमका पंपाच्या वेळी २ किंवा ५ येत असेल तर बस बिघडतेय, मग केबल पंपाच्या वायरपासून दूर न्या. सतत ० येत असूनही अक्षरं बिघडली तर दादांच्या कपॅसिटरपासून सुरुवात करा.

कूलर_कंट्रोल
आज रात्री करतो. पंपाची वायर आणि ही केबल एकाच पट्टीत गेली आहे, हे आत्ता लक्षात आलं.