मदत हवी आहे: पॅरलल आणि काउंटरफ्लो, दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच कसं येतंय?

सागर_के
डबल पाइप ऑइल कूलरचं क्षेत्रफळ काढतोय. तेल सेकंदाला ०.५ किलो, विशिष्ट उष्णता २.१, ९० अंशांवरून ५० वर आणायचं आहे. पाणीही सेकंदाला ०.५ किलो, २५ अंशांना आत येतं. उष्णता ४२ किलोवॅट होते, म्हणजे पाणी साधारण ४५ ला बाहेर पडेल. यू ३०० धरलाय. दोन टोकांच्या तापमानफरकांची सरासरी काढली तर दोन्ही प्रवाहांना ३५ च येते आणि क्षेत्रफळ ४ चौ. मी. मग काउंटरफ्लो घेऊन मिळतं काय? एलएमटीडीच्या सूत्राने काउंटरफ्लोला ७८ आलं, ते पटत नाही. कुठे चुकतंय?

वाफेवाला
दिशेने काही फरक पडत नाही. आमच्याकडे वाफेवर पाणी तापवायचा हीटर आहे. पाण्याची जोडणी उलटी करून पाहिली, बाहेरचं तापमान तेवढंच राहिलं.

नळीकाम
वाफेवाला, तुमच्या हीटरपुरतं ते बरोबर आहे. वाफ पाणी होताना तिचं तापमान बदलत नाही, त्यामुळे पाणी कुठल्याही टोकाने घातलं तरी दोन टोकांचे फरक तेच राहतात. सागरच्या कूलरमध्ये दोन्ही बाजूंची तापमानं बदलतात.

सागर, ७८ आलं कारण कॅल्क्युलेटरवर `log` दाबलंय, हवं `ln`. एलएमटीडी नेहमी दोन फरकांच्या मधेच पडतो. तुमचा मोठा फरक ४५, तेव्हा ७८ दिसताच थांबायला हवं.

आता फरक मांडा. काउंटरफ्लोत गरम तेलाच्या टोकाला पाणी बाहेर पडतं: ९० वजा ४५ म्हणजे ४५. दुसऱ्या टोकाला ५० वजा २५ म्हणजे २५. पॅरललमध्ये दोन्ही एकाच टोकाने शिरतात, म्हणून ९० वजा २५ म्हणजे ६५, आणि शेवटी ५० वजा ४५ म्हणजे फक्त ५.

```
काउंटरफ्लो: (45-25)/ln(45/25) = 34.0
पॅरलल:      (65-5)/ln(65/5)   = 23.4
A = Q/(U × LMTD)
42000/(300 × 34.0) = 4.1
42000/(300 × 23.4) = 6.0
```

साध्या सरासरीला हे दिसतच नाही. ४५ आणि २५ जवळ आहेत, तिथे ती तीनच टक्के चुकते. ६५ आणि ५ मध्ये मात्र ती ५० टक्के फुगते, कारण पॅरललच्या शेवटच्या बऱ्याच लांबीत फरक इतका कमी उरतो की उष्णता जेमतेमच जाते.

आता पाणी सेकंदाला ०.४ किलो करून पाहा. पाणी ५० ला बाहेर पडेल. पॅरललमध्ये तेलही ५० आणि पाणीही ५०, म्हणजे शेवटचा फरक शून्य. कितीही नळी घाला, ते जमणार नाही. काउंटरफ्लोत ४० आणि २५ राहतात, एलएमटीडी ३१.९, क्षेत्रफळ ४.४.

सागर_के
म्हणजे पॅरललला जवळपास दीडपट. २५.४ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी घेतली तर काउंटरफ्लोला ५२ मीटर लागते. सहा मीटरच्या दोन पायांचे ५ हेअरपिन, एकूण ६० मीटर, चालेल?

नळीकाम
यू बाहेरच्या पृष्ठभागावर काढलेला असेल तर चालेल. ४.८ चौ. मी. मिळतात. चालू केल्यावर तेलाचं बाहेरचं तापमान मोजा. नळ्या स्वच्छ असताना आणि यू खरंच ३०० असेल तर ४७ च्या आसपास यायला हवं. ५२ दाखवत असेल तर आधी पाण्याची जोडणी तपासा, ती पॅरलल झालेली असू शकते.

शेलट्यूब
एवढे हेअरपिन कशाला? शेल अँड ट्यूब घ्या. शेलमध्ये एक पास, नळ्यांत दोन पास, आणि एलएमटीडी ३४ च धरा. काउंटरफ्लोच आहे तो.

नळीकाम
अर्धाच काउंटरफ्लो. दोन पासांतला एक तेलाबरोबर वाहतो, एक तेलाच्या विरुद्ध. या तापमानांना दुरुस्ती गुणक साधारण ०.८७ येतो, म्हणजे क्षेत्रफळ ४.७. जागा वाचेल हे मात्र खरं.

तेलपाणी
मला यू ३०० चीच शंका आहे. तेल दोन नळ्यांमधल्या साध्या कड्यासारख्या जागेतून जाणार, नळीवर फिन्स नाहीत. जाड तेल तिथे लॅमिनर वाहिलं तर यू १०० च्याही खाली जाईल आणि ५२ मीटरचे १५० होतील. तेलाचा ग्रेड आणि ७० अंशांना त्याची विष्यंदिता किती?

सागर_के
ग्रेड ४६, हायड्रॉलिक. ७० अंशांचा आकडा पुरवठादाराकडून मागवतो. ३०० हा आकडा तक्त्यातून घेतला होता, त्यात साचणारा थर धरलाय का ते तिथे लिहिलेलं नाही.

तेलपाणी
मग हेअरपिनची ऑर्डर आत्ताच देऊ नका.